सीटीसी तीच, हातात मात्र कमी: पगार-रचना बदलाच्या पत्रात या चुका टाळा

पगाराची रचना बदलल्याचं पत्र निघालं की पुढच्या पगाराच्या दिवशी एचआरच्या टेबलासमोर माणसं उभी राहतात. एकदा एक सहकारी दोन पगार-चिठ्ठ्या शेजारी ठेवून बसले होते आणि दोन्हीकडच्या शेवटच्या आकड्याला पेन्सिलीने गोल केला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "पत्रात लिहिलंय पगारात काही फरक नाही. मग हे काय?" गणित बरोबर होतं, चूक आमच्या पत्रात होती. पत्र मीच लिहिलं होतं, म्हणून हा विषय मला आजही बोचतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्यावर अशी पत्रं बरीच निघू लागली. तिथूनच पहिली चूक सुरू होते. "नव्या कायद्यानुसार मूळ पगार ५० टक्के करणे बंधनकारक असल्याने" असं सर्रास लिहिलं जातं, पण कायदा तसं म्हणत नाही. त्यात 'वेतन' या शब्दाची व्याख्या आहे. घरभाडे, प्रवास यांसारखे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर जास्तीचा भाग वेतनात धरायचा, एवढंच ती सांगते. मूळ पगार वाढवायचा हा कंपनीचा निर्णय असतो, आणि तो सोयीचाही असतो. पण पत्रात निर्णय म्हणूनच लिहा. नाहीतर कोणीतरी व्याख्या वाचून येतं आणि मग पत्रातल्या बाकीच्या ओळींवरही विश्वास राहत नाही.

दुसरी चूक सगळ्यात महाग पडते: "आपल्या पगारात कोणताही बदल होणार नाही." सीटीसी म्हणजे कंपनीला होणारा खर्च. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीची तरतूद असते, आणि ते पैसे महिन्याला हातात येत नाहीत. कर्मचारी मात्र 'पगार' म्हणजे खात्यात जमा होणारी रक्कमच समजतो. एक उदाहरण पूर्ण करून बघू. सीटीसी महिना ५०,०००, मूळ पगार १५,००० वरून २५,०००, आणि पीएफ पूर्ण मूळ पगारावर १२ टक्के.

| घटक | आधी | आता |
|---|---|---|
| मूळ पगार | १५,००० | २५,००० |
| घरभाडे भत्ता | ७,५०० | १२,५०० |
| विशेष भत्ता | २४,९७९ | ८,२९८ |
| कंपनीचा पीएफ | १,८०० | ३,००० |
| ग्रॅच्युइटीची तरतूद | ७२१ | १,२०२ |
| सीटीसी | ५०,००० | ५०,००० |
| कर्मचाऱ्याचा पीएफ | १,८०० | ३,००० |
| व्यवसाय कर | २०० | २०० |
| हातात | ४५,४७९ | ४२,५९८ |

महिन्याला २,८८१ रुपये कमी. यातले २,४०० पीएफ खात्यात गेले, निम्मे कंपनीच्या वाट्यातून आणि निम्मे कर्मचाऱ्याच्या. उरलेले ४८१ ग्रॅच्युइटीच्या तरतुदीत गेले. पैसा कुठेही गायब झालेला नाही, पण घराचा हप्ता भरणाऱ्याला हे पगाराच्या दिवशी कळणं आणि महिनाभर आधी कळणं यात फार फरक आहे. म्हणून तक्त्यातली शेवटची ओळ प्रत्येकाच्या पत्रात, त्याच्या स्वतःच्या आकड्यांसह हवी. नुसता वार्षिक सीटीसीचा तक्ता देऊन थांबू नका.

इथेच एक पर्याय अनेकदा न सांगता राहतो. पीएफची वेतनमर्यादा १५,००० आहे. कंपनीने वर्गणी त्या मर्यादेवरच ठेवली, तर दोन्ही बाजूंचा पीएफ १,८०० राहतो, विशेष भत्ता ९,४९८ होतो आणि हातात ४४,९९८ येतात. म्हणजे घट फक्त ४८१ ची. मर्यादेवर की पूर्ण मूळ पगारावर, हे कंपनीने आधी ठरवावं आणि पत्रात एका वाक्यात लिहावं. कर्मचाऱ्याला निवड द्यायची असेल तर शेवटची तारीखही लिहा, आणि निवड कळवली नाही तर काय लागू होईल तेही.

तिसरी चूक म्हणजे फायदा झाकून ठेवणं. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर, दर वर्षाचे १५ दिवस धरून आणि महिन्याचे २६ दिवस मोजून काढतात. आठ वर्षं झालेल्या माणसाची ग्रॅच्युइटी १५,००० वर सुमारे ६९,२३१ येते, तर २५,००० वर सुमारे १,१५,३८५. मागच्या आठही वर्षांना नवा आकडा लागतो! पत्रात हे कुठेच नसतं, आणि मग माणसाला फक्त तोटाच दिसतो. मात्र सोबत अटही लिहा: कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते. अट न सांगता ग्रॅच्युइटी सीटीसीत दाखवली तर दोन वर्षांत सोडून जाणारा फसवल्याची भावना घेऊन जातो, आणि त्याचं चुकत नाही.

कराबद्दल थोडक्यात लिहिलेलं बरं. घरभाडे भत्ता वाढला म्हणजे करसवलत वाढलीच असं नाही. ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि तिथेही भाड्यातून मूळ पगाराचे १० टक्के वजा होतात. मुंबईत दहा हजार भाडं असेल तर वरच्या उदाहरणात सूट आधीही ७,५०० आणि नंतरही ७,५००. "करबचत होईल" असं सरसकट लिहू नका.

शब्दांच्या बाबतीत एक गोष्ट मी कायदेशीर सल्लागाराला दाखवल्याशिवाय पुढे पाठवत नाही, ती म्हणजे बदलाचं कारण. केवळ पीएफ वर्गणीच्या जबाबदारीमुळे मालकाने वेतन कमी करू नये, असं पीएफचा कायदा सांगतो. "कंपनीचा पीएफ वाढला म्हणून विशेष भत्ता कमी केला" हे वाक्य सहज लिहिलं जातं आणि नंतर तेच पुढे ठेवलं जातं. वाक्य बदलून प्रश्न सुटत नाही, रचनाच तपासून घ्यावी लागते. कामगार वर्गात मोडणाऱ्यांसाठी २१ दिवसांची बदलाची नोटीस लागते का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.

आणि पत्र गेल्यावर आकडे जुळले नाहीत तर? पगार-चिठ्ठीच कारण सांगते. पत्रात पीएफ ३,००० आणि चिठ्ठीत १,८०० असेल, तर पेरोलमध्ये त्या कर्मचाऱ्यापुढची १५,००० ची मर्यादा काढायची राहिली आहे. हातात अपेक्षेपेक्षा बरोबर ३,००० कमी आले असतील, तर कंपनीचा वाटा एकूण पगारातून पुन्हा कापला गेला आहे. एकूण पगार काढताना तो सीटीसीतून आधीच वजा झालेला असतो. आणि फरक १,२०२ चा असेल, तर ग्रॅच्युइटी कपातीच्या रकान्यात घुसली आहे. ती कपात नव्हे, कंपनीची तरतूद आहे, चिठ्ठीत तिला जागाच नको.

हे तिन्ही दोष चाचणी पेरोलमध्ये दिसतात. म्हणून पत्रांवर सही होण्याआधी १५,००० च्या खालचा, नेमका १५,००० चा आणि वरचा मूळ पगार असलेली एकेक व्यक्ती घ्या, त्यांचा नव्या रचनेचा पगार चालवून बघा आणि हातात येणारी रक्कम पत्राशी रुपयाला रुपया जुळवा. पत्रही ज्या महिन्यापासून बदल लागू, त्या महिन्याचा पगार निघण्याआधी हातात पडलं पाहिजे.