रात्री दूध पाजताना अंगाई लावायची असेल तर

बाळाचा जरा कुठे डोळा लागायचा, तेवढ्यात अंगाई संपून ॲपवर भलतंच दणदणीत गाणं सुरू व्हायचं. माझी बहीण अगदी रडकुंडीला यायची. कारण होतं ऑटोप्ले. तिने तो सेटिंग्जमध्ये बंद केला, एकच संथ अंगाई रिपीटवर टाकली आणि 30 मिनिटांचा स्लीप टायमर लावला. मोफत खात्यात मध्येच जाहिराती वाजतात; तिथे पावसाच्या आवाजाची फाइल फोनमध्ये उतरवून घेतलेली बरी. ही तयारी दिवसाच करा, म्हणजे रात्री स्क्रीनचा उजेड नको. फोन पाळण्यात अजिबात ठेवू नका, बाळापासून निदान 7 फूट लांब असू द्या. आणि आवाज इतकाच, की बाळाचं गुटगुट दूध गिळणं आईला स्पष्ट ऐकू यावं.