स्प्लॅश काढताना फ्रेम कुठे खर्च करायच्या: माझा अनुभव

इफेक्ट्स ॲनिमेशन शिकायला लागलो तेव्हा पहिला शॉट होता पाण्यात दगड पडतो तो. ड्रॉइंग्ज छान जमली होती, पण प्ले केलं की पाणी रबरासारखं वर जायचं आणि तसंच खाली यायचं. सरांनी एका थेंबाची जागा प्रत्येक फ्रेमला ठिपका देऊन मार्क करायला लावली. सगळे ठिपके सारख्या अंतरावर, गडबड तिथेच होती.

वर उडालेलं पाणी गुरुत्वाकर्षणाने हळू होत जातं. समजा स्प्लॅश ३० सेंटीमीटर उडतोय, तर २४ फ्रेम्स प्रति सेकंदला त्याला वर जायला साधारण ६ फ्रेम लागतात आणि खाली यायला ६. वर जाताना दर फ्रेमचं अंतर ११, ९, ७, ५, ३, १ अशा प्रमाणात कमी करायचं, खाली येताना बरोबर उलट. बेरीज ३६, आणि शेवटच्या तीन फ्रेमचे मिळून फक्त ९, म्हणजे वर जायच्या वेळातला अर्धा वेळ पाणी वरच्या पाव उंचीतच असतं. ठिपके वर दाटीवाटीने आले पाहिजेत. एवढ्या छोट्या स्प्लॅशला वन्सवरच काढा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला नवं ड्रॉइंग; टूजवर, म्हणजे एकेक ड्रॉइंग दोन फ्रेम ठेवलं तर, वर जायला तीनच ड्रॉइंग्ज मिळतात आणि तो झटका खातो.

आता हाच स्प्लॅश चौपट मोठा, १.२ मीटर हवाय, तर फ्रेम चौपट नाही होत, दुप्पट होतात, १२ वर आणि १२ खाली. बारक्या स्प्लॅशचं टायमिंग तसंच ठेवून चित्र नुसतं मोठं केलं तर समुद्राची लाट बादलीतल्या पाण्यासारखी दिसते, हे मी स्वतः करून बसलोय.

दुसरी चूक म्हणजे सगळं पाणी एकदम खाली आणणं. स्प्लॅशची कडा वर जाते तसा पाण्याचा पडदा पातळ होतो, त्यात भोकं पडतात, भोकं मोठी होत होत नुसते धागे राहतात आणि त्यांचे थेंब होतात. भोक एकदा पडलं की पुढच्या ड्रॉइंगमध्ये बुजवायचं नाही, डोळ्याला लगेच खटकतं. सगळ्यात वेगाने सुटलेले थेंब सगळ्यात उंच जातात आणि सगळ्यात शेवटी पडतात, त्यामुळे पडदा पाण्यात बसल्यावरही दोनचार थेंब हवेत ठेवाच.

धुराला मात्र अंतरांचा हा चार्ट लावू नका. धुराचा लोट पहिल्या तीनचार फ्रेममध्ये झटकन फुगतो, मग हवा त्याला अडवते आणि उरलेला सगळा वेळ तो हळूहळू पसरत राहतो, परत खाली येतच नाही. त्याला संपवताना लहान करायचं नाही, आतून भोकं पाडून फाडायचं. आगीत ज्वाळेचं टोक तुटून वर गेलं की दोनतीन ड्रॉइंग्जमध्ये गायब, जास्त वेळ ठेवलं तर ते उडणाऱ्या कापडासारखं दिसायला लागतं.