एफओसीमध्ये Id शून्य दिसतोय तरी मोटर तापतेय? या चुका टाळा

पीएमएसएम मोटरवर एफओसी चालू केलं, स्क्रीनवर Id शून्याला चिकटलेला दिसतो, Iq बरोबर कमांडच्या मागे मागे जातो, दोन्ही ग्राफ एकदम स्वच्छ, आणि तरीही मोटरला जोर कमी आहे, ती तापतेय, एका दिशेने नीट पळते आणि उलट दिशेला मध्येच गुदमरते. अशा वेळी बहुतेक जण पहिला हात घालतात तो पीआयच्या गेनला. तिथेच वेळ वाया जातो, कारण हा त्रास बहुतेक वेळा गेनचा नसतोच, अँगलचा असतो.

Id आणि Iq हे सेन्सरने मोजलेले करंट नाहीत. सेन्सर मोजतो फेजचे करंट, आणि पार्क ट्रान्सफॉर्म ते रोटरच्या अँगलने फिरवून d आणि q असे दोन भाग करतो. d म्हणजे मॅग्नेटच्या फ्लक्सच्या दिशेतला भाग, q म्हणजे त्याला ९० इलेक्ट्रिकल डिग्रीवर असलेला भाग, जो टॉर्क देतो. आता कंट्रोलरकडे रोटरचा अँगलच चुकीचा असेल तर तो चुकीच्या अक्षांवर भाग पाडतो, त्याच चुकीच्या अक्षांवर पीआय चालवतो, आणि स्वतःच्या हिशोबातला Id शून्यावर आणून ठेवतो. ग्राफ स्वच्छच दिसणार. खरा Id किती आहे हे त्या ग्राफमध्ये कधीच दिसत नाही, आणि सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच.

एक केस आकड्यांनी बघू. मॅग्नेट रोटरच्या पृष्ठभागावर असलेली मोटर घ्या, म्हणजे Ld आणि Lq सारखेच, ०.२ मिलीहेन्री. पोल पेअर ४, फ्लक्स लिंकेज ०.०१ वेबर, रेझिस्टन्स ०.१ ओहम, बस २४ व्होल्ट. अँगल बरोबर असताना १० अँपिअर Iq दिला की टॉर्क मिळतो १.५ × ४ × ०.०१ × १० = ०.६ न्यूटन-मीटर (हे क्लार्कचं अँप्लिट्यूड सारखं ठेवणारं रूप धरून, दुसरं रूप वापरलं असेल तर १.५ बदलतो). आता एन्कोडर बसवताना शाफ्टवर फक्त ५ डिग्रीची चूक झाली. पोल पेअर ४ आहेत म्हणून ती इलेक्ट्रिकल २० डिग्री झाली. समजा कंट्रोलरचा अँगल खऱ्यापेक्षा २० डिग्री पुढे आहे. मग स्क्रीनवरचा १० अँपिअर Iq प्रत्यक्षात ९.४ अँपिअर Iq आणि उणे ३.४ अँपिअर Id असतो. टॉर्क ०.६ च्या जागी ०.५६, म्हणजे फार काही कमी झाला असं वाटतच नाही, म्हणून ही चूक महिनोनमहिने तशीच राहते. तोच टॉर्क हवा तर करंट जास्त घालावा लागतो आणि तांब्यातली उष्णता साधारण १३ टक्क्यांनी वाढते. चूक ६० डिग्रीची झाली तर टॉर्क निम्मा होतो, ९० ला शून्य, आणि ९० च्या पुढे टॉर्कची दिशाच उलटते, तेव्हा स्पीड लूप आणखी जोर लावतो आणि मोटर भलत्याच दिशेला सुसाट सुटते. म्हणून पहिल्यांदा चालवताना करंट लिमिट कमी ठेवाच.

यातली खरी खूण म्हणजे दोन दिशांमधला फरक. ऑफसेट चुकला असेल तर एका दिशेला खरा Id उणे येतो, दुसऱ्या दिशेला Iq चं चिन्ह बदलतं म्हणून तोच Id अधिक होतो. उणे Id मॅग्नेटचा फ्लक्स कमी करतो, म्हणजे नकळत फील्ड वीकनिंग चालू असतं आणि त्या दिशेला मोटर जास्त स्पीड पकडते, अधिक Id उलट काम करतो. आपल्याच मोटरचं बघा, ३००० आरपीएमला, म्हणजे इलेक्ट्रिकल २०० हर्ट्झला, बॅक ईएमएफ १२.६ व्होल्ट, आणि २४ व्होल्ट बसवर स्पेस व्हेक्टर पीडब्ल्यूएम जास्तीत जास्त १३.९ व्होल्टच देऊ शकतो. अँगल बरोबर असताना १० अँपिअरला हिशोब १३.८ वर येतो, कसाबसा बसतो. २० डिग्रीच्या चुकीत पुढच्या दिशेला लागतात १२.९ व्होल्ट आणि उलट दिशेला १४.५. म्हणजे उलट दिशेला व्होल्टेजच पुरत नाही, Iq कमांडपर्यंत पोचत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं पीआय स्लो आहे, Kp वाढवूया. Kp वाढवून व्होल्टेज येत नाही हो. आधी व्होल्टेज व्हेक्टरची लांबी लॉग करा, ती लिमिटला टेकलेली दिसली तर गेनला हातच लावू नका.

मग खरा ऑफसेट शोधायचा कसा, तर करंट बघून नाही, व्होल्टेज बघून. Id आणि Iq दोन्हीची कमांड शून्य ठेवा आणि मोटर बाहेरून फिरवा, दुसऱ्या मोटरने किंवा ड्रिलने, आणि ते जमत नसेल तर स्पीडला नेऊन दोन्ही कमांड शून्य करा आणि ती मोकळी फिरत थांबेपर्यंतचा डेटा लॉग करा. करंट शून्य आहे म्हणजे पीआयला फक्त बॅक ईएमएफला तोडीस तोड व्होल्टेज द्यायचं आहे, आणि बॅक ईएमएफ पूर्णपणे खऱ्या q अक्षावर असतो. म्हणून अँगल बरोबर असेल तर Vd शून्य येतो आणि सगळं व्होल्टेज Vq मध्ये दिसतं. Vd शून्य नसेल तर Vd आणि Vq च्या गुणोत्तरातून अँगल किती चुकलाय तेच हातात येतं.

फक्त एक गोष्ट मध्ये येते. कंट्रोलरने काढलेलं व्होल्टेज साधारण पुढच्या सायकलला बाहेर जातं आणि ते सायकलभर टिकतं, म्हणजे सरासरी दीड सायकल उशीर, आणि तेवढ्यात रोटर पुढे सरकलेला असतो. १० किलोहर्ट्झ लूप आणि १५०० आरपीएम म्हणजे इलेक्ट्रिकल १०० हर्ट्झ असेल तर हा उशीर ५.४ डिग्रीचा होतो. त्यामुळे एकाच दिशेने मोजलं तर ऑफसेट आणि उशीर एकमेकांत मिसळून येतात. दोन्ही दिशांना एकाच स्पीडला मोजा, कारण ऑफसेट दिशेबरोबर बदलत नाही आणि उशीर बदलतो. आपल्या केसमध्ये १५०० आरपीएमला पुढे फिरवताना Vd १.५८ आणि Vq ६.०८ येतो, म्हणजे १४.६ डिग्री. उलटं फिरवताना Vd उणे २.६९ आणि Vq उणे ५.६७, म्हणजे २५.४ डिग्री. सरासरी २० हा ऑफसेट, आणि फरकाचा अर्धा ५.४ हा उशीर.

```c
float a_fwd = atanf(Vd_fwd / Vq_fwd);
float a_rev = atanf(Vd_rev / Vq_rev);
float offset = 0.5f * (a_fwd + a_rev);
float delay  = 0.5f * (a_rev - a_fwd);
theta_offset -= offset;   // theta = p*theta_mech + theta_offset
```

हे फार कमी स्पीडला करू नका, बॅक ईएमएफ एखाद्या व्होल्टच्या आसपास असेल तर डेड टाइमची चूकच त्याला झाकून टाकते. आणि फार जास्त स्पीडलाही नको, बॅक ईएमएफ व्होल्टेज लिमिटच्या खालीच राहिला पाहिजे, नाहीतर करंट शून्यावर ठेवताच येणार नाही.

उशीर हिशोबातल्या दीड सायकलपेक्षा जास्त निघाला तर जास्तीचा भाग एन्कोडरचा आहे, म्हणजे पोझिशन वाचायला लागणारा वेळ किंवा त्यावर लावलेला फिल्टर. हा फरक महत्त्वाचा आहे. व्होल्टेज बाहेर जायचा उशीर पीआय स्टेडी स्टेटमध्ये भरून काढतो, त्याने खरा Id बिघडत नाही, फक्त स्पीड वाढला की d आणि q एकमेकांना ढकलायला लागतात आणि करंट थरथरतो. तो इन्व्हर्स पार्कमध्ये दीड सायकलचा अँगल पुढे धरून भरायचा. पण पोझिशनचाच उशीर असेल तर पार्कमध्ये जाणारा अँगलच जुना असतो, मग खरा Id चुकतो, आणि तोही स्पीडबरोबर वाढत जातो. कमी स्पीडला सगळं छान, जास्त स्पीडला दोन्ही दिशांना सारखाच जोर कमी, असं दिसलं की इथे बघा.

आता ऑफसेट चुकतो कुठून, तर बहुतेक वेळा अलाइनमेंटमधून. अँगल जबरदस्तीने शून्य धरून d मध्ये करंट सोडायचा आणि रोटर तिथे येऊन बसला की एन्कोडर वाचायचा, पद्धत बरोबर आहे, पण रोटर पूर्ण येत नाही. शेवटी शेवटी ओढणारा टॉर्क अँगलच्या साइनप्रमाणे कमी होत जातो आणि घर्षण त्याला मध्येच थांबवतं. आपल्या मोटरला ५ अँपिअर दिले तर जास्तीत जास्त ओढ ०.३ न्यूटन-मीटर, बेअरिंग आणि सीलचं घर्षण ०.०५ असेल तर रोटर ९.६ इलेक्ट्रिकल डिग्री आधीच थांबू शकतो. करंट दुप्पट केला तर चूक ४.८ वर येते. त्यापेक्षा चांगलं म्हणजे रोटरला एकदा खालच्या बाजूने आणि एकदा वरच्या बाजूने आणून दोन्ही रीडिंगची सरासरी घ्या, घर्षणाची चूक बरीचशी कटते. लोड काढूनच हे करा, गिअरबॉक्स किंवा एखादा लटकणारा हात जोडलेला असेल तर ते रीडिंग विश्वासाचं नाही. कॉगिंग मात्र सरासरीने जात नाही, म्हणून तीन-चार वेगवेगळ्या पोल पेअरवर मोजून बघावं.

आणखी एक बारीक जागा आहे, रोटर नेमका १८० डिग्रीवर असेल तर ओढच शून्य असते, तो हलत नाही आणि कोड समजतो की अलाइन झालं. म्हणून आधी ९० ला ओढा, मग शून्याला. आणि हा करंट d मध्येच गेला पाहिजे. q मध्ये सोडला तर रोटर ९० वर जाऊन बसतो, ऑफसेट पूर्ण ९० ने चुकतो आणि मोटर नुसती गुणगुणत राहते.

सगळ्यात आधी मात्र फेजचा क्रम आणि पोल पेअर बघून घ्या, नाहीतर वरचं काहीच लागू होत नाही. अँगल हळूहळू वाढवत ओपन लूपमध्ये फिरवा, एन्कोडरही वाढायला पाहिजे. कमी होत असेल तर कुठल्याही दोन फेज बदला किंवा एन्कोडरची दिशा उलटी करा, दोन्ही एकदम नको. शाफ्टचा एक पूर्ण फेरा व्हायला किती इलेक्ट्रिकल फेरे लागले ते मोजा, तोच पोल पेअरचा आकडा, डेटाशीटवरचा बऱ्याचदा पोलचा असतो आणि लोक तो तसाच घालतात. ऑफसेटच्या चुकीत मोटर निदान सगळ्या जागी सारखी वागते, इथे मात्र ती थोडी फिरून एका जागी पूर्ण करंट घेत अडकते.