मोज्याचा बैल बोलेना? या चुका टाळा

तान्ह्या पोळ्यासाठी आमच्या चौथीच्या वर्गात मोज्याचा बैल केला. बोलताना अडखळणाऱ्या एका पोराच्या हातात तो दिला, आणि पुढच्या काही आठवड्यांत जेवढ्या चुका करता येतील तेवढ्या मी केल्या.

पहिली चूक मोज्याची. तो माझा होता, मोठ्या पायाचा. पोराचा हात आत सैल पडायचा, जबडा मिटायचा नाही. मोजा पोराच्याच मापाचा घ्या. वहीच्या पुठ्ठ्याचा लंबगोल मधोमध दुमडून आत चिकटवा, वरच्या घडीत चार बोटं, खालच्या घडीत अंगठा.

खरी चूक पुढची. प्रत्येक अक्षराला तोंड उघडलंच पाहिजे, असा हट्ट मी धरला. पोरगं शब्दावर अडलं की मूठ आवळायचं आणि बैलाला झटका देऊन शब्द बाहेर ढकलायचं. हा झटका दिसला की थांबा, नाहीतर त्याचीच सवय लागते. मी मोजा बाजूला ठेवला आणि पुठ्ठ्याचा बैल झाडूच्या काडीला चिकटवला. त्याला तोंड हलवायचं कामच नाही, नुसतं डोलायचं. मोजा परत दिला तो दोन आठवड्यांनी, तोही वाक्याला एकदा तोंड उघडायच्या बोलीवर.

संवाद मी पुस्तकी लिहिला होता: ‘नमस्कार, माझे नाव नंदी आहे.’ अडखळणाऱ्याला नाव सांगणं फार जड जातं, कारण त्याला दुसरा शब्द घालून निसटता येत नाही. मग बैलाला घरचीच बोली दिली: ‘माह्या शिंगाले रंग नाही लावला तं मी पोळ्यात येतच नाही! आधी ढेप दे!’ आधी सगळ्या वर्गाने एका सुरात, मग दोघांनी मिळून, शेवटी लुगड्याच्या पडद्याआडून त्याने एकट्याने. सगळ्यांबरोबर बोलताना बहुतेकांचं अडखळणं बरंच कमी होतं, म्हणून सुरुवात तिथून. (नुसत्या लाजऱ्या पोराची गोष्ट वेगळी. त्याचा शब्द अडत नाही, आवाजच फुटत नाही. त्याला पडदा आधी द्या.)

अडखळणाऱ्याला ‘हळू बोल, श्वास घे’ म्हणू नका, त्याचा शब्द आपण पुरा करू नका. वर्गातल्या पोरांनाही हे आधीच सांगून ठेवा, त्यांनाच घाई जास्त.

आणि ‘बैलासोबत बोलतोस तं आता तसाच बोल’ म्हणून मोजा काढून घेऊ नका. मी घेतला, तर अडखळणं जसंच्या तसं परत आलं. बैलाआडून सुटलेली जीभ म्हणजे उपचार नव्हे. डोळे मिटणं, मान झटकणं दिसत असेल किंवा पोरगं बोलणंच टाळत असेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञाकडे पाठवा.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पडदा मी कमरेपर्यंतच खाली केला. ‘ढेप’वर तो अडला. समोरची पोरं थांबली, बैल डोलत राहिला, आणि मग शब्द आला.