यूएसबी-सी इअरफोन लावले, पण आवाजच नाही? आधी अ‍ॅनालॉग की डिजिटल ते ओळखा

सी-टाइप इअरफोन फोनला लावले आणि गाणं फोनच्या स्पीकरवरच वाजत राहिलं, की बहुतेक जण फोन रिसेट करायचा सल्ला देतात. कृपया ऐकू नका. रिसेटने यातलं जवळजवळ काहीच सुटत नाही, तुमचा डेटा मात्र जातो.

ब्लूटूथ बंद करा, फोन एकदा रीस्टार्ट करा. एवढ्याने झालं नाही तर पुढे चला.

आता पोर्ट पाहा. पिन आत जाताना हलकं ‘टक’ होऊन घट्ट बसायला हवी. ती थोडी बाहेर राहत असेल, हात लागला की सुटत असेल, किंवा चार्जरही हल्ली तसाच सैल बसत असेल, तर बहुधा खिशातली लव आत दाबून बसली आहे. रोज चार्जर लावताना ती मागच्या भिंतीवर ठासली जाते, म्हणून नुसतं डोकावून दिसत नाही. फोन बंद करा, टॉर्च धरा आणि लाकडी टूथपिकचं टोक चपटं तासून पोर्टच्या कडेकडेने आत सरकवा. तळाला टेकलं की हलकेच बाहेर ओढा. राखाडी, नमद्यासारखा थर निघेल. पोर्टच्या मधोमध जी पातळ जीभ असते तिच्यावर सगळे संपर्कबिंदू असतात, तिला धक्का लागू देऊ नका. सुई, टाचणी, सिम काढायची पिन यांतलं काहीही आत घालायचं नाही. तोंडाने फुंकरही नको, त्यातून ओलावा आत जातो.

पोर्ट स्वच्छ आहे, पिन घट्ट बसते, तरी आवाज नाही? मग खरा प्रश्न इथून सुरू होतो. यावर दुकानदारही सर्रास चुकीचं सांगतात.

सी-टाइप पिन बाहेरून सारखीच दिसते, पण ऑडिओ तिच्यातून दोन वेगळ्या पद्धतींनी येतो. अ‍ॅनालॉग प्रकारात सी-टाइप इअरफोन, किंवा जुने गोल पिनचे इअरफोन सी-पोर्टला जोडणारा अडॅप्टर, म्हणजे निव्वळ तारांची जोडणी. डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी चिप, म्हणजे डॅक, फोनच्या आत असावी लागते आणि फोनने तो आवाज सी-पोर्टमधून बाहेर सोडावा लागतो. डिजिटल प्रकारात हीच चिप अडॅप्टरमध्ये किंवा इअरफोनच्या पिनमध्ये बसवलेली असते, फोन फक्त डेटा आणि वीज पुरवतो. गूगल पिक्सेल, सॅमसंगची गॅलेक्सी एस२० आणि त्यानंतरची एस मालिका, आयफोन १५ आणि पुढचे, या फोनच्या पोर्टमधून अ‍ॅनालॉग आवाज येतच नाही. तिथे अ‍ॅनालॉग अडॅप्टर कितीही महाग असला तरी मुकाच राहणार. काही अँड्रॉइड फोन स्क्रीनवर `Analog audio accessory detected` असं दाखवतात. तसं दिसलं तर निदान झालंच.

संदेश आला नाही तर लॅपटॉपवर तपासा. अडॅप्टरमध्ये आधी इअरफोन घाला, कारण काही डिजिटल अडॅप्टर रिकामे असताना जागेच होत नाहीत. मग तो लॅपटॉपच्या सी-पोर्टला लावा. पोर्ट फक्त चार्जिंगचा नाही ना, हे पेनड्राइव्ह लावून पाहून घ्या. विंडोजमध्ये आवाजाच्या चिन्हावरून आउटपुटची यादी उघडा. नवीन नाव दिसलं तर वस्तू डिजिटल. काहीच उमटलं नाही तर ती अ‍ॅनालॉग तरी आहे किंवा बिघडलेली तरी.

माझ्या भाच्याचंच उदाहरण घ्या. जुन्या फोनच्या डब्यात आलेला अडॅप्टर त्याने नव्या फोनला लावला. आवाज नाही म्हणून दुकानात गेला, तिथे पोर्ट बदलायला सांगितलं. अडॅप्टर लॅपटॉपवर उमटला नाही, जुन्या फोनवर मात्र खणखणीत वाजला. म्हणजे अ‍ॅनालॉग, आणि दोन्ही वस्तू ठणठणीत. डॅक असलेला अडॅप्टर आणला, पोर्टला कुणी हात लावला नाही. तुम्हीही विकत घेताना डब्यावर डॅक असल्याचा किंवा पिक्सेल आणि आयफोन १५वर चालत असल्याचा उल्लेख शोधा. ‘सर्व सी-टाइप फोनसाठी’ या शब्दांवर पैसे टाकू नका.

डिजिटल असूनही गप्प असेल तर ओप्पो, रियलमी, विवो, वनप्लसवाल्यांनी सेटिंग्जच्या शोधात `OTG` टाइप करून ते चालू करावं. यांतल्या बऱ्याच फोनवर दहा मिनिटं काही जोडलेलं नसलं की ते आपोआप बंद होतं, म्हणून सकाळी वाजणारे इअरफोन संध्याकाळी मुके होतात. डेव्हलपर ऑप्शन्स कधी उघडले असतील तर तिथलं `Disable USB audio routing` बंद आहे ना, तेही पाहा. ते चालू असेल तर फोन यूएसबी इअरफोनकडे आवाज आपणहून वळवत नाही.