चाचणी संपली आणि बिल चौपट आले

एका ऑनलाइन सेवेची 14 दिवसांची मोफत चाचणी संपल्यावर सशुल्क योजना सुरू होणार, हे मला ठाऊक होते; परंतु कार्डावरून कापली गेलेली रक्कम जाहीर मासिक दराच्या चौपट होती. वार्षिक योजना चुकून निवडली गेली असावी, असा माझा पहिला तर्क होता. तथापि इन्व्हॉइसवरील सेवेचा कालावधी एकाच महिन्याचा होता. खरा उलगडा त्याच ओळीतील ‘Qty 4’ या नोंदीने झाला. चाचणीच्या काळात मी तीन सहकाऱ्यांना सहज म्हणून आमंत्रणे पाठवली होती आणि दर प्रतिसदस्य असल्याने, चाचणी संपताच आम्ही चौघेही शुल्कास पात्र ठरलो. त्यांपैकी दोघांनी एकदाही लॉगिन केले नव्हते, हे विशेष!

त्या तिघांना सदस्ययादीतून काढल्यावर पुढील बिलाचा अंदाज लगेच एका सदस्यावर आला, मात्र आधीची रक्कम आपोआप परत मिळाली नाही. त्यासाठी इन्व्हॉइस क्रमांक आणि न वापरलेल्या दोन खात्यांचा तपशील ग्राहकसेवेला कळवावा लागला. त्यांनी त्या दोघांपुरतीच रक्कम, तीही कार्डावर न देता, पुढील बिलात वळती केली.