हँडलमधली दोन अंडरस्कोअरची एक रेघ

समजा, कोल्हापुरात गुजरीतल्या एका सराफाने एक्सवर saaj__gujari असे हँडल घेतले आहे. पडद्यावर त्यातली दोन अंडरस्कोअर एकमेकांना चिकटून एकच रेघ दिसते, त्यामुळे पाटीवर पाहून टाइप करणारे गिऱ्हाईक बहुधा एकच देते. यंत्राच्या लेखी मात्र saaj_gujari हे वेगळेच खाते असते. ते कोणाचे असेल तर साजाची चौकशी आणि फोटोचा टॅग त्या परक्या माणसाकडे जातो, आणि चूक झाल्याची सूचना कोणालाच मिळत नाही. नसेल तर निदान शोध रिकामा येतो, हे त्यातल्या त्यात बरे. फोनवरून सांगताना भर पडते ती वेगळीच, कारण ‘साज’ ऐकणारा saaj लिहील की saj, हे त्याच्या सवयीवर अवलंबून असते.

अक्षरांचा घोटाळा याहून फसवा आहे, कारण मोठा I आणि छोटा l अनेक फॉन्टमध्ये सारखेच दिसतात. एक्सवर हँडलमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा भेद मानला जात नाही, म्हणून मजकूर कॉपी करून तो सगळा लहान अक्षरांत बदलून पाहावा: I चा i होतो, l मात्र l च राहतो, आणि नक्कल लगेच उघडी पडते. मोठा O आणि शून्य यांचेही तसेच: O चा o होतो, शून्य मात्र शून्यच राहते.

नवे हँडल घेताना दुहेरी रेघ टाळावी. जुने बदलणे शक्य नसेल, तर पाटीवर नावाऐवजी क्यूआर कोड छापावा.